चाळीस अंशांवरचा थेंब

खारघरच्या आमच्या सोसायटीतले एक काका सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेऊन आले. बॉनेट उघडून त्यांनी इंजिनाच्या तेलाची पट्टी पाहिली, मग गिअरबॉक्सची शोधू लागले. ती नव्हतीच. "अरे, मग हिचं तेल बघायचं कुठून?"

खालून, गाडीच्या पोटातून.

हे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे क्लचऐवजी तेलाच्या जोरावर इंजिनाची ताकद पुढे देणाऱ्या गिअरबॉक्सबद्दल आहे. आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ छोट्या गाड्या एएमटी असतात. तिथे गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. त्यांना यातलं काही लागू नाही.

पट्टी नसलेल्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये तेलाच्या चेंबरच्या तळाला एक बोल्ट असतो आणि त्याच्या आत एक छोटी उभी नळी. गच्चीवरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो ना, तसंच काम. बोल्ट काढला की नळीच्या तोंडापेक्षा वरचं तेल बाहेर येतं. धार हळूहळू थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच आलं नाही, तर तेल कमी.

पण टाकीतलं पाणी आणि हे तेल यांत फरक आहे. तापलं की तेल फुगतं, दर अंशाला साधारण ०.०८ टक्के. एवढ्याशा आकड्याने काय होतंय, असं वाटेल. गिअरबॉक्समध्ये साडेसहा लिटर तेल धरलं, तर ४० अंशांवरून ८५ अंशांवर जाताना ते सुमारे २३५ मिलीने वाढतं. कन्व्हर्टर आणि आतले मार्ग आधीच भरलेले असल्यामुळे ही वाढ सगळी चेंबरमध्ये उतरते. म्हणून कंपनी तापमान ठरवून देते. अनेक सहा-गिअरी गिअरबॉक्सना ते ३५ ते ४५ अंश असतं. आपल्या गाडीचं मॅन्युअलमध्येच बघावं.

काकांच्या गाडीचं नेमकं इथेच बिनसलं. अ‍ॅक्सलचं सील गळत होतं, ते एका गॅरेजमध्ये बदललं. दुपारी गाडी चालवून आणली आणि मेकॅनिकने तशीच लिफ्टवर घेऊन बोल्ट काढला. जाड धार आली. ती थांबेपर्यंत तेल जाऊ दिलं आणि "जास्त होतं साहेब, आता बरोबर झालं" म्हणाला. वास्तविक ते तेल जास्त नव्हतं, फुगलेलं होतं. गिअरबॉक्स थंड झाल्यावर पातळी नळीच्या तोंडाखाली गेली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी बेसमेंटच्या चढावर इंजिन गुरगुरायचं आणि गाडी एखाद्या क्षणाने पुढे सरकायची. चढावर तेल मागे सरकतं, आणि पातळी कमी असली की गिअरबॉक्समधला पंप अधूनमधून हवा ओढतो.

उलट चूकही होते. गार तेलावर मोजलं तर थेंब येत नाही, म्हणून वरून ओततात. गिअरबॉक्स तापल्यावर फिरते भाग तेलात बुडतात आणि फेस होतो.

मग तुर्भ्याच्या दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी रात्रभर ठेवली. सकाळी आठला स्कॅनर लावला, तेलाचं तापमान ३१. मे महिन्यात आपल्याकडे हीच पंचाईत: तेल गार म्हणावं असं नसतंच, आणि इंजिन सुरू केलं की ३५ लगेच येतं. त्यामुळे तेल, ते भरायचा पंप, नवं वॉशर सगळं आधी हाताशी. भरायचा वरचा बोल्टही आधीच सैल करून ठेवला. तो गंजून अडकला असेल आणि खालून तेल काढून बसलात, तर गाडी तिथेच अडकते.

इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून P, R, N, D प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबलो आणि परत P वर आलो. इंजिन शेवटपर्यंत बंद करायचं नाही. बंद केलं तर वरचं तेल चेंबरमध्ये उतरतं आणि बोल्ट काढताच लिटरच्या हिशेबात बाहेर येतं. तापमानाच्या चुकीपेक्षा ही चूक कितीतरी मोठी. ४० अंशांवर बोल्ट काढला. कोरडा. पंपाने साधारण अडीचशे मिली गेल्यावर पहिला थेंब पडला, मग बारीक धार, मग पुन्हा थेंब. बोल्ट लावला.

हे घरी करावं का? माझं मत, नको. अवघड कौशल्य लागतं म्हणून नव्हे. गाडी चारही बाजूंनी सारख्या पातळीत उचलावी लागते, आणि इंजिन चालू असताना तिच्याखाली जावं लागतं. एका बाजूने जॅक लावला तर पातळी तिरकी, आणि बेसमेंटच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतोच. शिवाय तापलेल्या गाडीचं तेल हातावर आलं तर भाजतं.

आपण करायचं ते पार्किंगमध्ये. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी त्यावर तेलाचा डाग नसेल आणि गिअर नीट पडत असतील, तर निव्वळ पातळी बघायला तो बोल्ट उघडायचं कारण नाही. डाग असेल, तर गॅरेजवाल्याला एवढंच विचारा: तापमान कशावर बघणार? "हात लावून कळतं" असं उत्तर आलं, तर चावी देऊ नका.