ग्रॅनाईट म्हणून घेतलेल्या ओट्यातील सोनेरी ठिपके

ठाण्यातील आमच्या घरी स्वयंपाकाच्या ओट्याला जी काळी, सोनेरी ठिपक्यांची फरशी बसवली आहे, ती दुकानदाराने ग्रॅनाईट म्हणून दिली आणि बिलावरही तेच लिहिले. बाजारात तिला ‘ब्लॅक गॅलॅक्सी’ म्हणतात आणि ती आंध्र प्रदेशातील ओंगोलजवळच्या चीमकुर्तीच्या खाणींतून येते. भूवैज्ञानिकाच्या हिशेबी मात्र ती ग्रॅनाईट नव्हे, तर गॅब्रो या काळसर अग्निजन्य खडकाच्या कुळातील आहे. खऱ्या ग्रॅनाईटमध्ये काचेसारखे करडे क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, दाणे साध्या डोळ्यांना दिसतात. या फरशीत ते कुठे आढळत नाहीत. जे सोनेरी ठिपके दिसतात, ते लोह असलेल्या एन्स्टाटाइट या पायरॉक्सीन वर्गातील खनिजाचे स्फटिक आहेत. एकाच ओट्यावर हे खनिज असावे आणि गार नसावी, याचे उत्तर शिलारस थंड होताना कोणते खनिज आधी घट्ट होते आणि का, या प्रश्नात आहे.

नॉर्मन बोवेन या कॅनडात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने वॉशिंग्टनमधील कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत हा प्रश्न भट्टीत घालून सोडवला. ठरावीक प्रमाणात मिसळलेली भुकटी प्लॅटिनमच्या पत्र्यात गुंडाळून तो भट्टीत टांगत असे, एकाच तापमानाला बराच वेळ ठेवत असे आणि मग ती पाऱ्यात पाडून क्षणात थंड करत असे. त्या तापमानाला जे द्रवरूप असेल त्याची काच होते आणि जे आधीच घट्ट झाले असेल ते स्फटिक म्हणून काचेत अडकून राहते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की त्या तापमानाची स्थिती कळते. असे शेकडो तुकडे तपासून त्याने 1922 मध्ये जो क्रम मांडला, त्याच्या एका शाखेत ऑलिव्हिन, पायरॉक्सीन, अँफिबोल आणि काळे अभ्रक ही खनिजे एकामागून एक येतात. दुसऱ्या शाखेत प्लॅजिओक्लेज हे फेल्डस्पार वर्गातील खनिज आधी कॅल्शियमयुक्त असते, ते हळूहळू सोडियमयुक्त होत जाते आणि अखेरीस पोटॅशियम फेल्डस्पार, पांढरे अभ्रक व क्वार्ट्झ उरतात.

हा क्रम वाचताना बहुतेकांचा समज होतो की ज्याचा वितळणबिंदू जास्त ते आधी घट्ट होते. हा समज चुकीचा आहे, आणि तो खोडायला क्वार्ट्झ पुरेसे आहे. क्वार्ट्झ म्हणजे शुद्ध सिलिका, आणि ती वितळते सुमारे 1713 अंश सेल्सिअसला, तर डायोप्साइड हे पायरॉक्सीन सुमारे 1391 अंशांना. तरीही क्वार्ट्झ शेवटी येते. ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरांकडे पाहिले की हे उमगते. मिठाचा वितळणबिंदू 801 अंश आहे, पण वाफ्यात मीठ पडते ते उन्हाच्या तापमानाला, कारण तिथे प्रश्न वितळण्याचा नसून विरघळण्याचा असतो. पाणी आटत गेले की ते ज्या पदार्थाने आधी संपृक्त होते तो आधी पडतो. जिप्सम मिठाच्या आधी खाली बसते, नंतर मीठ पडते आणि मॅग्नेशियमचे कडू पाणी मागे उरते. शिलारसही असाच द्रावण आहे. फरक एवढाच की येथे पाणी आटत नाही, तर तापमान उतरते आणि त्याबरोबर द्रवाची एकेक खनिज विरघळवून ठेवण्याची ताकद कमी होते.

ऑलिव्हिन आधी का, याचे उत्तर त्याच्या बांधणीत आहे. एक सिलिकॉन अणू आणि भोवती चार ऑक्सिजन अणू, असा चौफलक हा सर्व सिलिकेटांचा मूळ ठोकळा आहे. ऑलिव्हिनमध्ये हे चौफलक सुटे असतात आणि मधले मॅग्नेशियम किंवा लोहाचे आयन त्यांना घट्ट धरून ठेवतात. पायरॉक्सीनमध्ये चौफलकांची साखळी होते, अभ्रकात चादर, तर क्वार्ट्झमध्ये चारही कोपऱ्यांनी जोडलेली सलग जाळी. मॅग्नेशियम भरपूर आणि सिलिका कमी असलेल्या उष्ण द्रवात सुट्या चौफलकांचे स्फटिक आधी जमतात. पण ते जमताना द्रवातून मॅग्नेशियम जास्त आणि सिलिका कमी उचलली जाते. साहजिकच उरलेला द्रव सिलिकेने समृद्ध होत जातो, त्यातील चौफलक एकमेकांना जोडले जाऊ लागतात आणि पुढच्या खनिजांची पाळी येते.

बोवेनने ओलाफ अँडरसनसह 1914 मध्ये मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियमचे ऑक्साइड, आणि सिलिका या दोनच घटकांची जी जोडी अभ्यासली, तिचे एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, आपल्याजवळ 100 ग्रॅम द्रव आहे आणि त्यात निम्मी, म्हणजे 50 ग्रॅम, सिलिका आहे. ऑलिव्हिनच्या मॅग्नेशियमयुक्त प्रकारात सिलिका सुमारे 43 टक्के असते. तापमान उतरताना तेच एकटे पडत जाते आणि 1557 अंशांना पोहोचेपर्यंत सुमारे 60 ग्रॅम ऑलिव्हिन जमलेले असते. उरलेल्या 40 ग्रॅम द्रवात सिलिका सुमारे 61 टक्के झालेली असते. आता गंमत अशी की, ज्या द्रवातून ऑलिव्हिन जन्मले, त्याच द्रवाशी आता त्याचे जमेनासे होते. द्रवातील सिलिका ऑलिव्हिनशी अभिक्रिया करून त्याचे एन्स्टाटाइट बनवते. ‘अभिक्रिया श्रेणी’ हे नाव यावरूनच पडले, कारण येथे आधीचे खनिज नुसते मागे राहत नाही, तर नंतरच्या खनिजात रूपांतरित होते.

यापुढे काय घडेल, हे ऑलिव्हिन द्रवाच्या संपर्कात राहते की नाही यावर ठरते. संपर्क टिकला, तर 1557 अंशांनाच सगळा द्रव संपतो, सुमारे 43 ग्रॅम एन्स्टाटाइट आणि 57 ग्रॅम ऑलिव्हिन मिळते आणि मुक्त सिलिका कुठेही उरत नाही. पण ऑलिव्हिन जड असल्यामुळे तळाशी बसले आणि वरचा 40 ग्रॅम द्रव त्यापासून सुटला, तर तो एकटाच पुढे थंड होतो. त्यातून एन्स्टाटाइट पडत जाते, द्रवातील सिलिका सुमारे 65 टक्क्यांपर्यंत चढते आणि 1543 अंशांना सगळे घट्ट होताना साधारण एक ग्रॅम मुक्त सिलिका वेगळी निघते. एकच मिश्रण, पण एका वाटेने सिलिकेचा कण नाही आणि दुसऱ्या वाटेने आहे. बोवेनचा खरा मुद्दा हाच होता. एका बेसॉल्टी शिलारसापासून, स्फटिक वेळोवेळी वेगळे होत गेल्यास, अगदी वेगळ्या प्रकृतीचे खडक निघू शकतात.

सूक्ष्मदर्शकाखाली हे ओळखताही येते. दगडाची 0.03 मिलिमीटर जाडीची चकती ध्रुवित प्रकाशात पाहिली, तर अर्धवट राहिलेल्या अभिक्रियेत ऑलिव्हिनच्या झिजल्यासारख्या, गोलसर कडांच्या दाण्याभोवती पायरॉक्सीनची किनार दिसते. लाव्हा इतका लवकर थंड झाला असेल की अभिक्रियेला वेळच मिळाला नाही, तर किनार अपुरी राहते.

श्रेणीकडे वेळापत्रक म्हणून पाहणे मात्र फसवे आहे. वर घेतलेली अभिक्रिया कमी दाबाची आहे. दाब पुरेसा वाढला की एन्स्टाटाइट थेट वितळते आणि ऑलिव्हिनचा तो टप्पा उरत नाही. शिलारसात डायोप्साइड आधी येईल की प्लॅजिओक्लेज, हेही प्रमाणावर ठरते. या दोहोंतील शुद्ध मिश्रणात प्लॅजिओक्लेजचा कॅल्शियमयुक्त घटक 42 टक्क्यांच्या आसपास असेल, तर 1274 अंशांना दोन्ही एकदमच पडू लागतात आणि कमी-जास्त झाल्यास या प्रमाणापेक्षा जे जास्त असेल ते आधी येते. बोवेनच्याच प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स फेनर याने तर शिलारस सिलिकेऐवजी लोहाने समृद्ध होत जाऊ शकतो, असा आक्षेप घेतला होता आणि ग्रीनलंडमधील स्केरगार्डच्या थरांच्या अभ्यासाने त्यात तथ्य असल्याचे दाखवले.

पारसिकच्या डोंगरात किंवा नवी मुंबईच्या जुन्या खाणींत जो काळा बेसॉल्ट दिसतो, तो दख्खनच्या सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि त्यात मुख्यतः प्लॅजिओक्लेज व पायरॉक्सीन आहे. त्याच्या पोकळ्यांत कधी गार किंवा पांढरी झिओलाइट खनिजे चमकताना दिसतात आणि शाळेत श्रेणी शिकलेल्याला ती या क्रमाची शेवटची पायरी वाटते. पण ती शिलारसातून आलेली नसतात. लाव्हा घट्ट झाल्यानंतर त्यातील वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्यांतून गरम पाणी फिरले आणि त्यानेच ती तिथे आणून बसवली आहेत.