ग्लासच्या भिंतीवरचे बुडबुडे आणि आधणाचे बुडबुडे

फ्रीजमधले गार पाणी काचेच्या ग्लासात ओतून तासभर ओट्यावर ठेवले, की आतल्या बाजूला मोहरीहूनही बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. आमच्या नेरूळच्या इमारतीत दर उन्हाळ्यात कोणीतरी असा ग्लास उजेडासमोर धरून दाखवतो आणि दर उन्हाळ्यात त्याला दोनपैकी एक उत्तर मिळते. एक म्हणजे पाणी तापू लागले की बुडबुडे यायचेच, ही उकळण्याचीच पहिली पायरी आहे. दुसरे म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन सुटतो आहे. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, पण पहिले अधिक चिवट आहे, कारण चहाचे आधण सर्वांनी पाहिलेले असते आणि ग्लासातला प्रकार त्याच्याच जवळचा वाटतो.

क्लोरीनचे आधी उरकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिल्लक क्लोरीनची किमान अपेक्षा लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम आहे, तर त्याच गार पाण्यात विरघळलेली हवा लिटरमागे तीस मिलिग्रॅमच्या आसपास असू शकते. शिवाय तो क्लोरीन पाण्याशी संयोग पावून राहतो, बुडबुडे होण्याइतका वायू म्हणून मोकळा नसतो. ग्लासच्या बाहेरच्या बाजूला जमते ते तर निव्वळ आपल्याकडच्या दमट हवेचे दव असते. बोटाने पुसले की कळते.

आता आधण. आधणातला बुडबुडा पाण्याचाच बनलेला असतो. पातेल्याच्या तळाशी पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाला पुरून उरला, तरच बुडबुडा टिकतो. त्यासाठी आपल्याकडे समुद्रसपाटीला सुमारे 100 अंश तापमान लागते. ओट्यावरच्या ग्लासातले पाणी 30 अंशांवर असते आणि त्या तापमानाला वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम चार टक्के असतो. म्हणजे त्या बुडबुड्यात वाफेचा वाटा चार टक्क्यांच्या घरात, आणि बाकी सगळी हवा. ही हवा पाण्यापासून तयार झालेली नसते. ती आधीपासून पाण्यात विरघळलेली होती आणि आता तिला तिथे जागा उरलेली नाही. ‘पाण्यातला ऑक्सिजन सुटतो’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन जागचा हलतही नाही. सुटतो तो वातावरणातून आत आलेला ऑक्सिजन आणि त्याहून अधिक नायट्रोजन.

गोंधळ पक्का होतो तो पातेल्यात, कारण तिथे एकाच भांड्यात दोन्ही प्रकार एकामागून एक दिसतात. चहाचे पाणी ठेवल्यावर पन्नास-साठ अंशांना तळाशी आणि कडेला जे बारीक बुडबुडे बसतात, ते ग्लासातल्यासारखेच हवेचे असतात. पाणी बोलू लागते ते पुढे. तळाशी झालेली वाफ वरच्या कमी तापलेल्या पाण्यात शिरताच मिटते, आणि तो आवाज त्या मिटण्याचा असतो. गॅस बंद केला की फरक डोळ्यांना दिसतो: वाफेचे बुडबुडे लगेच थांबतात, तर हवेचे चिकटलेले तसेच राहतात. म्हणून ‘बारीक बुडबुडे म्हणजे अर्धे उकळले’ असे समजून गॅस बंद करणाऱ्यांची मला काळजी वाटते.

ग्लासातल्या बुडबुड्यांबाबत खरी अडचण वेगळीच आहे. कोमट पाण्यात साखर जास्त विरघळते, त्यामुळे हवाही जास्त विरघळेल असे मनात बसलेले असते. वायूंचे उलट असते. 7 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 24 मिलिलिटर हवा मावते, 30 अंशांना सोळाच्या आतबाहेर. दोनशे मिलिलिटरच्या ग्लासात हा फरक दीड मिलिलिटरहून थोडा जास्त भरतो. पण 24 हा आकडा पाण्यात मावू शकणाऱ्या हवेचा आहे, आत असलेल्या हवेचा नव्हे, आणि इथेच बहुतेक स्पष्टीकरणे घसरतात.

मी तीन बाटल्या रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून पाहिल्या. पहिली नळाच्या 28 अंशांच्या पाण्याने काठोकाठ भरून झाकण घट्ट लावले. दुसरी अर्धीच भरली आणि सकाळी गार झाल्यावर मिनिटभर जोरात हलवली, म्हणजे वरच्या हवेशी गार पाण्याची नीट गाठ पडली. तिसरीत उकळून निवलेले पाणी न खळखळवता काठोकाठ भरले. नंतर तिन्ही ग्लासांत कडेने अलगद ओतून ते शेजारी ठेवले. तासाभराने दुसऱ्या ग्लासची भिंत बुडबुड्यांनी भरली होती, पहिल्यात शोधून काढावे लागले आणि तिसऱ्यात एकही नव्हता. पहिल्या बाटलीतल्या पाण्याने हवा 28 अंशांना घेतलेली होती. गार झाल्यावर त्यात आणखी हवेला जागा झाली, पण बंद बाटलीत ती येणार कुठून? ते पुन्हा 30 अंशांवर आले तेव्हा जास्तीची म्हणावी अशी हवा त्यात जवळपास नव्हती. म्हणजे पाणी गार असणे पुरेसे नाही, गार असताना त्याने हवा घेतलेली असावी लागते. थंड प्रदेशात नळालाच तसे पाणी येते, कारण ते दिवसेंदिवस गारव्यात हवेच्या सान्निध्यात राहिलेले असते. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला तो योग क्वचितच लाभतो, म्हणून आपल्या घरी हा खेळ कधी दिसतो आणि कधी दिसत नाही. तिसरा ग्लास आधणाशी असलेला घोळ मिटवतो: तेच पाणी पुन्हा गॅसवर ठेवले तर उत्तम उकळते, मग बुडबुडे ही उकळण्याची सुरुवात असती तर ते या ग्लासात का दिसले नाहीत?

राहिला भिंतीचा प्रश्न. बुडबुडे पाण्याच्या मधोमध का होत नाहीत? बुडबुडा जितका लहान, तितके पाण्याचे पृष्ठताण त्याला जास्त आवळते. दुसऱ्या ग्लासात जास्तीच्या हवेचा जोर फार तर अर्ध्या वातावरणाएवढा होता. तेवढ्या जोरावर सुमारे तीन मायक्रॉन त्रिज्येहून लहान बुडबुडा टिकत नाही, तो पुन्हा विरघळतो. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा का असेना, तयार बुडबुडा आधी मिळाल्याशिवाय पुढची वाढ नाही. तो मिळतो भिंतीवर: काचेच्या ओरखड्यात, क्षारांच्या पांढुरक्या डागात किंवा फडक्याच्या सुटलेल्या धाग्यात, जिथे पाणी ओतताना हवेचा कण अडकून राहतो. विरघळलेली हवा त्या कणात शिरत जाते आणि तो फुगतो. बुडबुडे दर वेळी ठरावीक ठिपक्यांवरच दिसतात, याचे कारणही हेच.

हिशेब केला तर भिंतीवर जे दिसते ते फार थोडे असते. मिलिमीटरभर व्यासाचे दीडशे बुडबुडे धरले तरी ते एक दशांश मिलिलिटरही भरत नाहीत. उरलेली हवा पृष्ठभागावरून गुपचूप निघून जाते किंवा बराच वेळ पाण्यातच अडकून राहते. ती अडकलेली हवा पाहायची असेल तर दुसऱ्या ग्लासात कोरडी, खडबडीत लाकडी काडी बुडवावी. काही मिनिटांत तिच्यावर बुडबुड्यांची रांग लागते. आणि भिंत मोकळी हवी असेल तर ग्लास फडक्याने कोरडा न करता घासून, खळखळून धुऊन ओलाच भरावा. मी फडके वापरणे केव्हाच सोडले आहे.