झाड उलटं केलं तरी पानं तीच

वरच्या वर्गाच्या गणिताच्या पेपरात हमखास दिसणारा एक प्रश्न घेऊ. एका ठिकाणी कोणत्याही दिवशी पाऊस पडण्याची संभाव्यता ०.२ आहे. ज्या दिवशी पाऊस पडतो, त्या दिवसासाठी आधी पावसाचाच अंदाज दिलेला असण्याची संभाव्यता ०.८५. कोरड्या दिवसासाठीही चुकून पावसाचा अंदाज दिलेला असण्याची संभाव्यता ०.१. आजचा अंदाज पावसाचा आहे. तर पाऊस पडण्याची संभाव्यता किती?

पहिल्या वाचनात बहुतेकांच्या मनात ०.८५ हा आकडा उभा राहतो. चांगले अभ्यासू विद्यार्थीही इथे अडखळतात. याचं कारण गुणाकार-भागाकार नव्हे, तर प्रश्नातलं एक वाक्य उलट दिशेनं वाचलं जातं. ०.८५ ही पाऊस पडला हे धरून काढलेली अंदाजाची संभाव्यता आहे, आणि आपल्याला विचारली आहे अंदाज धरून पावसाची. अट कोणती आणि विचारलेली घटना कोणती, यांची अदलाबदल झालेली आहे. सशर्त संभाव्यता लिहिताना उभ्या रेघेच्या उजवीकडे अट येते. म्हणून P(अंदाज | पाऊस) = ०.८५ हे दिलेलं आहे, आणि P(पाऊस | अंदाज) हे शोधायचं आहे.

आता वृक्षाकृती काढू. खोडापासून दोन फांद्या निघतात: पाऊस ०.२ आणि कोरडा दिवस ०.८. पावसाच्या फांदीच्या टोकापासून पुन्हा दोन: पावसाचा अंदाज ०.८५, कोरड्याचा अंदाज ०.१५. कोरड्या दिवसाच्या टोकापासूनही दोन: पावसाचा अंदाज ०.१, कोरड्याचा ०.९.

इथे जरा थांबायला हवं, कारण झाड बिघडतं ते नेमकं इथेच. पावसाच्या बाजूला ०.८५ लिहिल्यावर कोरड्या बाजूला पावसाच्या अंदाजासमोर ०.१५ लिहिण्याचा मोह होतो, कारण दोन्ही मिळून १ व्हायला हवेत असं वाटतं. पण १ व्हायला हवी ती एकाच टोकापासून फुटणाऱ्या फांद्यांची बेरीज. ०.८५ आणि ०.१ या वेगवेगळ्या टोकांवरच्या फांद्या आहेत, वेगवेगळ्या अटींखालच्या. त्यांच्या बेरजेवर कसलंच बंधन नाही. उत्तरपत्रिका तपासताना मला ही चूक इतक्यांदा दिसली आहे की आता कोणतंही झाड मी आधी टोकाटोकाला बेरीज करून पाहते आणि मगच पुढे वाचते.

झाड नीट उभं राहिलं की प्रत्येक वाटेवरचे आकडे गुणायचे. शेवटी चार पानं मिळतात:

पाऊस आणि पावसाचा अंदाज: ०.२ × ०.८५ = ०.१७
पाऊस आणि कोरड्याचा अंदाज: ०.२ × ०.१५ = ०.०३
कोरडा दिवस आणि पावसाचा अंदाज: ०.८ × ०.१ = ०.०८
कोरडा दिवस आणि कोरड्याचा अंदाज: ०.८ × ०.९ = ०.७२

चारही मिळून १. प्रत्येक दिवस या चारांपैकी एकाच पानावर बसतो, दोनांवर नाही आणि कोणत्याच नाही असंही नाही.

पावसाचा अंदाज असलेली पानं दोन आहेत. एक पावसाच्या बाजूला, दुसरं कोरड्या बाजूला. त्यांची बेरीज ०.१७ + ०.०८ = ०.२५. एकूण संभाव्यतेचा नियम म्हणजे एवढंच: एखादी घटना ज्या ज्या वाटेनं घडू शकते, त्या सगळ्या वाटांची बेरीज. मात्र पहिल्या टप्प्यावरच्या फांद्या एकमेकींत मिसळणाऱ्या असून चालत नाहीत, आणि मिळून सगळ्या शक्यता व्यापणाऱ्या असाव्या लागतात. कोणी पहिल्या टप्प्यावर ‘पाऊस’ आणि ‘वारा’ अशा फांद्या काढल्या, तर पाऊसवारा दोन्ही असलेले दिवस दोनदा मोजले जातील, दोन्ही नसलेले सुटून जातील, आणि बेरीज चुकीची येईल.

आता अट उलटवू. आज पावसाचा अंदाज आहे हे कळलं, म्हणजे चारपैकी दोन पानं बाद झाली. उरलेलं सगळं जग ०.२५ एवढंच. त्यात पाऊस असलेला भाग ०.१७. म्हणून

P(पाऊस | अंदाज) = ०.१७ / ०.२५ = ०.६८

इथे दुसरी चूक घडते: ०.१७ हेच उत्तर म्हणून लिहिलं जातं. पण ०.१७ हा ‘पाऊस आणि पावसाचा अंदाज’ दोन्ही घडण्याचा, सगळ्या दिवसांतला वाटा आहे. ‘असा अंदाज असताना’ किंवा ‘असं दिलेलं असता’ हे शब्द आले की भागाकार करावाच लागतो, आणि छेदात येते ती अटीची एकूण संभाव्यता.

दशांशांवर विश्वास बसत नसेल, तर १००० दिवस मोजून पाहा. सरासरीनं २०० दिवस पावसाचे, त्यांतल्या १७० दिवसांना अंदाज बरोबर. ८०० दिवस कोरडे, त्यांतल्या ८० दिवसांना चुकून पावसाचा अंदाज. पावसाचा अंदाज एकूण २५० वेळा, त्यांत पाऊस १७० वेळा. कोरडे दिवस चौपट आहेत, म्हणून त्यांतली दहा टक्के चूकही मोठी होऊन बसते. ०.८५ चं ०.६८ होतं ते त्यामुळेच.

मला यातलं सगळ्यांत सुंदर वाटतं ते पुढचं. आता हेच झाड दुसऱ्या बाजूनं उभं करा. खोडापासून आधी अंदाजाच्या फांद्या: पावसाचा ०.२५, कोरड्याचा ०.७५. पहिलीवर पाऊस ०.६८, कोरडा दिवस ०.३२. दुसरीवर पाऊस ०.०३ / ०.७५ = ०.०४, कोरडा दिवस ०.९६. या वाटा गुणून पाहा: ०.१७, ०.०८, ०.०३, ०.७२. तीच चार पानं, फक्त क्रम बदललेला. फांद्यांवरचे आकडे सगळे नवे, पण पानं जुनीच. अट उलटवणं म्हणजे पानांना हात न लावता फांद्या नव्यानं जोडणं. थॉमस बेज यांच्या नावानं ओळखला जाणारा सिद्धांत, ज्याच्यावरचा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला, या चित्रात असा डोळ्यांसमोर दिसतो. सूत्र आठवलं नाही तरी दोन्ही झाडं काढून उत्तर मिळतं, आणि दुसऱ्या झाडाची पानं पहिल्याशी जुळली नाहीत तर कुठेतरी चूक आहे हे लगेच कळतं.

कठीण पेपरात शेवटचा उपप्रश्न बहुधा असा येतो: अंदाजाची गुणवत्ता तीच, पण ठिकाण वेगळं. पावसाची संभाव्यता p आहे. p किती असेल, तर पावसाचा अंदाज ऐकून पाऊस पडेल की नाही याची शक्यता अगदी निम्मी-निम्मी असेल?

समीकरण मोठं मांडायची गरज नाही. निम्मी-निम्मी म्हणजे पावसाच्या अंदाजाची दोन पानं सारखी: ०.८५p = ०.१(१ − p). त्यातून ०.९५p = ०.१, म्हणजे p = २/१९, साधारण ०.१०५. उत्तर अपूर्णांकातच ठेवा. मध्येच गोळाबेरीज करून दशांश घेतला तर पुढच्या भागाकारात फरक पडतो. याहून कोरड्या ठिकाणी हाच अंदाज, त्याच अचूकतेनं, पावसाचा म्हणून दिला गेला, तरी तो खरा ठरण्यापेक्षा खोटा ठरण्याची शक्यताच जास्त असेल.