पाखरू दिव्याकडे जातच नाही मुळात

जून महिन्यात गॅलरीतला दिवा लावला की दहा मिनिटांत त्याच्याभोवती पाखरांची गर्दी होते, आणि लहानपणापासून आपण ऐकत आलोय की पतंगाला दिव्याची ओढ असते, तो ज्योतीवर जीव देतो वगैरे. कवितेत ठीक आहे. पण एखादं पाखरू नीट बघा, ते दिव्यावर सरळ झेप घेतच नाही, बाजूनेच फिरत राहतं. ओढ असती तर एका दमात जाऊन बसलं नसतं का?

यावर जुनं उत्तर चंद्राचं. म्हणजे पाखरं चंद्राला एका ठरावीक कोनात ठेवून सरळ उडतात, आणि दिव्याला चंद्र समजून फसतात. ऐकायला एकदम पटतं, मीही कित्येक जणांना हेच सांगितलंय. पण तसं असेल तर पाखरू गोल गोल फिरत हळूहळू आत आत यायला हवं, जिलबीसारखं. आणि गोम अशी की दिव्याजवळचं पाखरू डोळ्यांना नुसती पांढरी रेघ दिसतं, त्यामुळे ते नक्की काय करतंय हे कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

ते पाहिलं सॅम्युएल फॅबियन, यश सोंधी या संशोधकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी, २०२४ च्या जानेवारीत त्यांचा पेपर आला. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या लॅबमध्ये पतंगांच्या आणि चतुरांच्या अंगावर बारीकसे मार्कर चिकटवून कॅमेऱ्यांनी त्यांची हालचाल टिपली, आणि कोस्टा रिकाच्या जंगलात जाऊन हायस्पीड कॅमेऱ्याने रात्रीच्या किड्यांचं शूटिंग केलं. स्लो मोशनमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, किडा दिव्याकडे तोंड करत नाही, पाठ करतो.

पाठ का, तर किड्याला उडताना वर कुठे आणि खाली कुठे हे कळावं लागतं. आपल्याला वाटतं त्यात काय, वजन जाणवतं की. पण वळण घेणाऱ्या एसटीत डोळे मिटून उभे राहा, अंग बाजूला फेकलं जातं आणि खाली नक्की कुठे ते सांगता येत नाही. इवलासा किडा तर सेकंदाला कितीतरी वेळा वळतो, त्याला हा भरवसा कुठून परवडणार. त्यापेक्षा सोपी खूण म्हणजे आकाश, रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळच असतं. म्हणून नियम साधा, उजेडाकडे पाठ ठेवायची, की आपण सरळ आहोत. कोट्यवधी वर्षं हा नियम चुकला नाही, कारण आकाशापेक्षा उजळ असं काही जवळपास नसायचंच.

आता पाखरू आपल्या दिव्याच्या बाजूने चाललंय आणि दिवा त्याच्या उजवीकडे आहे असं समजा. पाठ दिव्याकडे करायची म्हणून ते उजवीकडे कलतं. पण पंखांचा जोर नेहमी पाठीच्या दिशेला असतो, म्हणजे कललं की तो जोर त्याला उजवीकडेच ओढतो आणि ते वळतं. वळलं तरी दिवा उजवीकडेच! परत कलतं, परत वळतं, आणि झाली प्रदक्षिणा सुरू. बिचारं स्वतःच्या मते सरळच उडतंय. दिव्याच्या खालून गेलं तर पाठ मागे झुकते, तोंड वर होतं, चढत चढत वेग संपतो आणि ते हवेत अडखळतं. सगळ्यात वाईट हाल वरून जाणाऱ्याचे, उजेड पोटाखाली आला की ते थेट उताणं होतं आणि धपकन खाली पडतं.

ही नुसती गोष्ट नाही हे कशावरून, तर त्यांनी पांढरी चादर वापरून बघितलं. चादर वर छतासारखी ताणून उजळली तर किडे तिच्याखालून आरामात निघून गेले, आणि उजळलेली चादर जमिनीवर अंथरली तर वरून जाणारे उलटे होऊन पडायला लागले. ओढ उजेडाची असती तर पहिल्या चादरीलाही चिकटले असते ना. बागेत शोभेसाठी जमिनीत पुरून वर तोंड केलेले दिवे लावतात, त्यांचं मला यानंतर फारच वाईट वाटायला लागलंय.

अर्थात हे सगळं पाखरू दिव्यापाशी पोचल्यावरचं. लांबून ते येतं का आणि कसं, हे या कॅमेऱ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, ते काही मीटरचंच चित्र टिपत होते.

आणि अपवादही निघाला. आपल्याकडे कण्हेरीवर किंवा तगरीवर जाडजूड हिरवी अळी सापडते, डोक्यामागे निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेली, तिचा पुढे जो हिरवट हॉकमॉथ होतो तो लॅबमध्ये दिव्यावरून सरळ उडून गेला, ना कलला ना उलटला.