पार्सल दिल्लीत अडकलंय : दुसऱ्या मागणीचं गणित

ऑनलाइन प्रेमात पैसे गेल्याची बातमी आली की खाली एक शेरा हमखास असतो : ‘एवढी शिकलेली बाई, फसली कशी?’ आमच्या शेजारच्या काकूंनी तर तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांच्या परवानगीने, काही तपशील बदलून सांगतो, कारण यात शिक्षणाचा प्रश्न नाहीच.

विवाह जुळवणाऱ्या साइटवर त्यांची ओळख लीड्समधल्या एका विधुर ‘डॉक्टर’शी झाली. दोन महिने रोज सकाळी मेसेज यायचा, ‘बीपीची गोळी घेतलीस का?’ व्हिडिओ कॉल मात्र दर वेळी लागताच तुटायचा. काकूंच्या बहिणीने पत्रिका पाहिली, अठ्ठावीस गुण जुळले. जन्मवेळ रचलेली होती आणि त्या नावाचा माणूसच नव्हता, तरी जुळले. पत्रिकेवर विसंबणाऱ्यांनी एवढं एकच उदाहरण लक्षात ठेवावं.

मग वाढदिवसाची भेट निघाली : अंगठी, फोन आणि 60,000 पौंड रोख, म्हणजे साठ लाखांच्या वर. खोक्याचा फोटो आला, पावतीचाही आला. चार दिवसांनी ‘दिल्ली विमानतळ कस्टम’मधून एका बाईचा फोन. ड्युटीचे 38,500 रुपये भरा. काकूंनी भरले. दुसऱ्या दिवशी, आत परकीय चलन सापडलंय, प्रमाणपत्र काढलं नाही तर गुन्हा दाखल होईल, 1,25,000 भरा. तेही भरले. तिसरी मागणी पौंडांचे रुपये करून देण्याची, 2,70,000. तीही गेली. एकूण 4,33,500.

पहिली रक्कम का गेली ते कळतं. मला छळत होती ती दुसरी आणि तिसरी.

आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठात नाटकांची हंगामी तिकिटं घेणाऱ्या साठ जणांपैकी काहींना पूर्ण किमतीत, 15 डॉलरला, तिकीट दिलं आणि काहींना, कोणताही निकष न लावता, सवलतीत. नाटकं तीच होती. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. गेलेला पैसा परत येणार नसतो, तरी तो पुढच्या निर्णयाला ओढतो. काकूही म्हणाल्या, ‘आधीचे अडतीस हजार वाया कसे जाऊ देऊ?’

पण गंमत अशी की दुसरी मागणी हीच सगळ्यात मोठी माहिती असते. समजा, काकूंचा विश्वास नव्वद टक्के होता. म्हणजे अशी हजार पार्सलं धरली तर त्यांच्या मते 900 खरी, 100 खोटी. खऱ्या पार्सलची ड्युटी एकदा भरली की ते घरी येतं. सरकारी कारभारातला गोंधळ गृहीत धरून, वीसात एका खऱ्या पार्सलला पुन्हा पैसे मागितले जातील असं मानू. मग 900 पैकी 45 मालकांना दुसरा फोन येईल. खोट्या 100 मध्ये मात्र तो सगळ्यांनाच येईल. म्हणजे दुसरा फोन आलेले 145, त्यात खरे 45. विश्वास नव्वदवरून एकतीस टक्क्यांवर यायला हवा. तिसरा फोन? 45 पैकी जेमतेम दोघांना, खोट्यांत पुन्हा शंभर जणांना. 102 मध्ये दोन खरे, म्हणजे दोन टक्के. वीसात एक हा माझा अंदाज आहे. तो दहात एक धरलात तरी तिसऱ्या फोनला विश्वास आठ-नऊ टक्क्यांवरच येतो.

आता रकमा शेजारी ठेवा. विश्वास 90, 31, 2 असा उतरायला हवा होता आणि रक्कम 38,500, 1,25,000, 2,70,000 अशी चढत गेली. ठगाची सगळी कला हा हिशोब करायला वेळ न देण्यात असते. म्हणून ‘आज पाचच्या आत’, म्हणून गुन्ह्याची धमकी, म्हणून त्याच वेळी लीड्सहून आलेला रडवेला मेसेज.

पहिल्याच फोनला तपासता येण्यासारखं एक ठिकाण होतं : खात्याचं नाव. काकूंना दिलेलं खातं एका व्यक्तीचं बचत खातं होतं. कस्टम ड्युटी कुणाच्या खासगी खात्यात भरली जात नाही. शिवाय नोव्हेंबर 2019 पासून कस्टमच्या पत्रांवर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो त्यांच्या केंद्रीय मंडळाच्या म्हणजे CBIC च्या संकेतस्थळावर पडताळता येतो. काकूंना आलेल्या पत्रावर अशोकस्तंभ होता, शिक्का होता, हा क्रमांक नव्हता.

शरमेपोटी काकू एकोणीस दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. असे पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून काही तासांत पुढे सरकवले जातात. 1930 या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली, तर जी रक्कम अजून एखाद्या खात्यात पडून असेल ती बँकेला गोठवता येते. आम्ही विसाव्या दिवशी cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली, तेव्हा त्या बचत खात्यात 212 रुपये उरले होते.