लिंबू, व्हिनेगर की दही? पनीरचं वजन कुठून येतं

वर्धा-यवतमाळकडच्या गावांत, घरी म्हैस असलेल्या बायांमध्ये पनीरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : “दह्यानं फाडलं तं पनीर जास्त निंगते.” ताजवा लावून पाहिलं, तर ते खरंही ठरतं. एक लिटर म्हशीचं दूध लिंबानं फाडलं तर साधारण 200 ग्रॅम पनीर मिळतं. तेच दूध पाव किलो आंबट दह्यानं फाडलं, तर काटा 250 च्या आसपास जातो. मग लिंबू पिळून आपण दर लिटरला 50 ग्रॅम पनीर गमावतो का?

उत्तर त्या पाव किलो दह्यातच आहे. दही म्हणजे विरजलेलं दूधच. त्यातलं प्रथिन आणि लोणी कुठे जात नाही, गरम दुधात पडल्यावर तेही गोळ्यात अडकतं. म्हणजे पनीर एक लिटरचं नसून सव्वा लिटरचं झालं. लिटरला 200 ग्रॅम या हिशेबानं सव्वा लिटरला 250 ग्रॅम व्हायलाच हवं. दही विकत आणलेलं असेल, तर त्याचे पैसे धरल्याशिवाय हा फायदा मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. पनीरच्या वजनात निम्म्याहून थोडं जास्त पाणीच असतं. एकदा फडक्यावर वरवंटा ठेवला आणि दुसऱ्यांदा नुसतं टांगलं, तर दूध तेच असूनही वजन वेगळं येणार. त्यामुळे दोन पद्धतींची तुलना करायची, तर दाब आणि वेळ सारखाच हवा.

आता खरा मुद्दा. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन असतं. त्याचे बारीक कण दुधात तरंगतात, एकमेकांना ढकलत राहतात आणि म्हणून दूध पातळ राहतं. आंबट पडलं की ही ढकलाढकल थांबते, कण चिकटतात आणि जाताना लोणीही आपल्यात ओढून घेतात. थंड दुधात त्यासाठी सामू, म्हणजे आंबट वाढेल तसा खाली येणारा आकडा, 4.6 पर्यंत उतरावा लागतो. गरम दुधात मात्र तो 5.3 च्या आसपास आला तरी काम होतं. पनीरचं सगळं कसब या 5.3 वर थांबण्यात आहे.

तिथं थांबलं नाही तर काय होतं? केसीनच्या कणांना आतून धरून ठेवणारं कॅल्शियम आंबटात विरघळत जातं आणि पनीरच्या पाण्यातून निघून जातं. आंबट वाढत गेलं की गोळा आकसतो, पाणी सोडतो, आणि पनीर वजनाला कमी व चावायला रबरी होतं. उलट आधीच थांबलं, तर पाणी पांढुरकं राहतं. ते पांढुरकेपण म्हणजे निसटून चाललेलं केसीन आणि लोणी. पनीर मऊ वाटतं, पण कापताना भुगा होतो.

ओळखायचं कसं? पाण्याच्या रंगावरून. गोळे वेगळे होऊन मधलं पाणी हिरवट-पिवळं आणि स्वच्छ दिसलं, की हात आखडायचा. हातातल्या वाटीत आंबट उरलं असेल तर उरू द्यावं. घरचं पनीर कडक होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मला विचाराल, तर ती उरलेली वाटी “आता टाकूनच देऊ” म्हणून ओतणं हेच आहे.

या थांबण्याच्या कसोटीवर तिघांना पाहा. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल साधारण 5 ते 6 टक्के असतं. लिटरभर दुधाला सुमारे 2 ग्रॅम आम्ल पुरतं, म्हणजे 40 मिलिलिटरच्या आसपास रस, लिंबं बरी असली तर दोन-तीन. अडचण एवढीच की दोन लिंबं कधी सारखी नसतात. बाळापूर तालुक्यातल्या वाडेगावचं रसरशीत लिंबू आणि उन्हाळ्यात दुकानात सुकलेलं लिंबू यांचा हिशेब एक कसा असेल? व्हिनेगरचं तसं नाही. बाटलीवर 4 टक्के लिहिलं असेल तर दर वेळी तेवढंच. लिटरला तेही 40 मिलिलिटरच्या आसपास लागतं. रोज पनीर करून धाब्याला देणाऱ्यांना म्हणून तेच सोयीचं. वास राहतो ही तक्रार खरी आहे, पण पनीर फडक्यातच थंड पाण्यानं धुतलं की वास बराच जातो.

दोन्हींचा धोका सारखाच : रस किंवा व्हिनेगर तसंच ओतलं, तर जिथं पडतं तिथं घट्ट गुठळी बनते आणि बाजूचं दूध तसंच राहतं. म्हणून त्यात दुप्पट-तिप्पट गरम पाणी घालावं आणि दूध हळूहळू ढवळत थोडंथोडं सोडावं. दोघांनी सामू एकाच ठिकाणी आणला, तर वजनातला फरक किरकोळ राहतो.

दही सौम्य पडतं. त्यातली प्रथिनं आंबटपणा थोपवून धरतात, त्यामुळे सामू सावकाश उतरतो आणि 5.3 च्या खाली घसरणं अवघड जातं. दह्याचं पनीर मऊ होतं ते बहुतेक याच कारणानं. पण दही आंबटच हवं. गोड, ताज्या दह्यानं पाणी स्वच्छ होतच नाही, मग अर्धा किलो घातलं तरी.

तापमानही इथंच जोडलेलं आहे. दूध आधी 90 अंशांपर्यंत नेऊन पाचेक मिनिटं तसंच ठेवायचं. एरवी पाण्यासोबत वाहून जाणारी प्रथिनं तेवढ्या वेळात केसीनला चिकटतात आणि वजनात धरली जातात. हे नीट झालं का ते तपासता येतं : उरलेलं पाणी उकळून पाहावं. त्यात पांढरे कण बरेच वर आले, तर दूध कमी तापलं होतं. फाडताना मात्र 70 ते 75 अंश बरे, कारण 85-90 वर फाडलं तर गोळा जास्त पाणी सोडून कडक होतो. लिंबू-व्हिनेगरसाठी म्हणून गॅस बंद करून गंज थोडा निववावा लागतो. दह्याला थांबायची गरज नाही. 90 अंशांच्या लिटरभर दुधात 30 अंशांचं पाव किलो दही पडलं, की मिश्रण आपोआप 78 च्या जवळ येतं.

आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये एक वेगळीच गडबड होते. सकाळी काढलेलं दूध दुपारी तापवायला घेतलं, तर ते आधीच थोडं आंबलेलं असतं. अशा दुधाला नेहमीच्या मापानं लिंबू घातलं की आंबट जास्त होतं आणि पनीर कडक निघतं. माप बाजूला ठेवून पाण्याचा रंग पाहावा. दुसरं म्हणजे, दाबलेलं पनीर दोन-तीन तास थंड पाण्यात ठेवायचं असतं, म्हणजे ते आवळून येतं आणि सुरीनं नीट कापलं जातं. त्या दिवसांत टाकीचं पाणी कोमट असतं. त्यात हे साधत नाही, उलट पनीर आंबायला लागतं. माठाचं पाणी आणि थोडा बर्फ लागतो.

विकायचं असेल तर मी व्हिनेगर घेईन, कारण रोज तोच तुकडा निघतो. लिंबं स्वस्त असतील तेव्हा घरच्या भाजीला लिंबू. दही भुर्जीसाठी, किंवा घरात आंबून पडलं असेल तेव्हा. आणि पनीरचं उरलेलं पाणी स्वच्छ भांड्यात रात्रभर ठेवलं, त्यात चमचाभर विरजण घातलं, तर दुसऱ्या दिवशी तेच आंबून पुढच्या दुधाला चालतं. त्यात प्रथिन नावापुरतंच असतं, म्हणून वजन दह्यासारखं फुगत नाही. मात्र लिंबापेक्षा ते कितीतरी पातळ असल्यानं बरंच लागतं आणि आधी गरम करून घालावं लागतं, नाहीतर दूध एकदम निवतं.