कोर्लईत टिकली, मुंबईत बुडाली: नौ लिंगची पार्श्वभूमी

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून मुरुडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कोर्लईचा किल्ला दिसतो. बहुतेक पर्यटक किल्ला आणि दीपगृह पाहून परततात. पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत जी भाषा बोलली जाते ती पोर्तुगीजही नाही आणि मराठीही नाही. तिथले लोक तिला 'नौ लिंग' म्हणजे आपली भाषा म्हणतात, काही जण 'क्रिस्टी' म्हणतात. बोलणारे जेमतेम आठशे ते हजार. एवढ्या मूठभर लोकांची भाषा पोर्तुगीज निघून गेल्यावर पावणेतीनशे वर्षांहून जास्त टिकली आणि तिचीच भावंडं भरवस्तीच्या मुंबईत बुडाली. भाषा कशाने जगते हे समजून घ्यायला ही जोडी फार उपयोगाची आहे.

पोर्तुगीजांनी चौलला 1521 मध्ये निजामशाहीच्या परवानगीने ठाणं बांधलं आणि 1594 मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगरही जिंकला. चौलपासून दीवपर्यंतच्या त्यांच्या मुलखाला 'उत्तर प्रांत' म्हणत. त्यात वसई, ठाणे, मुंबई, दमण ही ठिकाणं येत. शिपाई, चाकर आणि बाटलेली स्थानिक कुटुंबं यांच्या रोजच्या व्यवहारातून या ठाण्यांत पोर्तुगीज शब्दांवर उभी राहिलेली एक बोली तयार झाली. ती 'नोर्तेइरु' म्हणजे उत्तरेकडची म्हणून ओळखली जाते. कोर्लईची नौ लिंग ही तिचीच एक शाखा. आसपासच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती लोकांनी मात्र ही बोली घेतलीच नाही. त्यांची वसईकडची कादोडी बोली मराठीच राहिली. एकट्या धर्मांतराने भाषा बदलत नाही, हे इथेच दिसतं.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्या वर्षी चौल-कोर्लईही मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्याबरोबर जाण्याची ऐपत नसलेली गरीब ख्रिस्ती माणसं मागेच राहिली. नंतरच्या सगळ्या काळात त्यांच्याभोवती दोन भिंती होत्या. धर्म वेगळा म्हणून हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांशी रोटी-बेटी नाही आणि मूळ जात खालची मानलेली म्हणून वरच्या जातीतून आलेल्या ख्रिस्त्यांशीही नाही. सोयरीक वस्तीतच जमायची. कोर्लईवर वर्षानुवर्षं काम केलेले भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी भाषा टिकण्याचं मुख्य कारण म्हणून हेच एकटेपण दाखवलं आहे. भाषाप्रेमाचं श्रेय इथे फारसं कुणाला देता येणार नाही. ज्या जातिभेदाने माणसं अडवून ठेवली, त्यानेच भाषाही राखली. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

दुसरा आधार चर्चचा होता. चौलचे ख्रिस्ती गोव्याच्या धर्मसत्तेशी जोडलेले राहिले आणि पाद्री पोर्तुगीज जाणणारे येत. त्यामुळे घरातल्या बोलीला रविवारी एक ओळखीचा, मानाचा आवाज भेटायचा. 1960च्या दशकात व्हॅटिकनच्या निर्णयानंतर जगभर प्रार्थना लोकभाषेत सुरू झाल्या. कोर्लईत लोकभाषा म्हणून मराठी ठरली. शाळाही मराठीच होती. म्हणजे घर सोडलं तर नौ लिंगला दुसरी जागाच उरली नाही.

मुंबईत काय झालं? तिथले नोर्तेइरु बोलणारे संख्येने कितीतरी जास्त होते. पण इंग्रज आले तसं दफ्तरात, गोदीत आणि पुढे रेल्वेत इंग्रजी येणाऱ्या ख्रिस्ती माणसाला सहज काम मिळू लागलं. पोर्तुगीजपणा ही आता अडचण वाटू लागली. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे, ब्रिटिशांचे जुने प्रजाजन, हे ठसवण्यासाठी इथल्या ख्रिस्त्यांनी 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. गोव्याचे विद्वान पाद्री सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी 1906 मध्ये या उत्तरेकडच्या बोलीचं वर्णन छापलं. आज ईस्ट इंडियन घरांत इंग्रजी आणि त्यांची मराठी बोली ऐकू येते. नोर्तेइरु तिथून गेली. कुणी बंदी घातली नव्हती. आईबापांनी मुलांशी दुसऱ्या भाषेत बोलायला सुरुवात केली, एवढंच पुरलं.

भाषा किती धोक्यात आहे हे मोजण्यासाठी भाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांनी 1991 मध्ये मांडलेल्या मोजपट्टीचं मर्म हेच होतं: भाषा घरात एका पिढीकडून दुसरीकडे जाते का, हा प्रश्न आधी, शाळा आणि सरकार नंतर. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी 2003 मध्ये यासाठीच नऊ निकष ठरवले, त्यातही पहिला हाच. आपल्याकडे जनगणनेचा भर मात्र संख्येवर आहे. 1971 पासून दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात त्या मातृभाषा प्रसिद्ध आकड्यांत वेगळ्या दाखवल्या जात नाहीत. तेव्हा कोर्लईची भाषा वाढली की घटली, हे जनगणनेतून कळणारच नाही.

कोर्लईत बदल झाला तो रस्त्याने. 1986 मध्ये कुंडलिकेच्या खाडीवर पूल झाला आणि रेवदंडा, अलिबाग हाकेच्या अंतरावर आले. पुढे साळावला लोखंडाचा कारखाना आला. कामाची, बाजाराची, कॉलेजची भाषा मराठी. सोयरीक बाहेर होऊ लागली की घरात येणाऱ्या सुनेला नौ लिंग येत नसते आणि मूल पहिले शब्द तिच्याकडूनच शिकतं. वस्तीची भिंत पडली ही माणसांसाठी चांगलीच गोष्ट झाली, पण भाषेचं छत त्याच भिंतीवर होतं.

मराठीचा शिरकाव नौ लिंगच्या व्याकरणातही दिसतो. गाण्याचं क्रियापद 'कता', पिण्याचं 'बेबे', उठण्याचं 'इर्गी'. हे तीन साचे पोर्तुगीजमधून आलेले. चौथा साचा 'लोटू' यासारख्या क्रियापदांचा, म्हणजे मराठी धातूला 'ऊ' जोडून केलेला. वाक्याची घडणही हलली आहे. क्रियापद पोर्तुगीजप्रमाणे मध्ये यायचं, ते आता मराठीप्रमाणे शेवटी जातं. याला कुणी भाषेचा ऱ्हास म्हणेल. मला तसं वाटत नाही. जी भाषा परके धातू स्वतःच्या साच्यात घालून चालवते, ती कामात आहे. धोका तेव्हा समजावा, जेव्हा आजी नौ लिंगमध्ये विचारते आणि नातू मराठीत उत्तर देतो. नातवाला कळतं सगळं, पण त्याच्या मुलाला कळणार नाही.

अशा वळणावरून भाषा मागे फिरवण्याचा सर्वात गाजलेला प्रयत्न न्यूझीलंडच्या माओरींचा आहे. मधली पिढी इंग्रजीकडे गेली होती, म्हणून त्यांनी 1982 मध्ये 'कोहांगा रेओ' ही बालकेंद्रं सुरू केली, जिथे माओरी येणाऱ्या आज्या-आजोबांनी थेट तान्ह्या नातवंडांशी बोलायचं. दहा वर्षांत अशी शेकडो केंद्रं झाली. 1987 मध्ये माओरीला राजभाषेचा दर्जाही मिळाला. तरी माओरीत संभाषण करू शकणाऱ्या माओरींचं प्रमाण 2001 ते 2013 दरम्यान सुमारे 25 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आलं. जुने वक्ते वारत होते, आणि केंद्रातून घरी आलेल्या मुलाशी घरचे इंग्रजीतच बोलत होते. कोर्लईत अशा केंद्राची अजून गरज नाही, कारण तिथे बोलती आईबापांची पिढी हयात आहे. माओरींना 1982 मध्ये हीच गोष्ट नव्याने घडवावी लागली होती.

कोचीनजवळच्या व्हायपीन बेटावर अशीच एक पोर्तुगीज वळणाची बोली होती. तिचे शेवटचे अस्खलित वक्ते विल्यम रोझारिओ 2010 मध्ये वारले. दमणमध्ये पोर्तुगीज सत्ता 1961 पर्यंत होती आणि तिथली बोली अजून काही हजार लोक बोलतात. कोर्लईला मात्र 1740 नंतर कोणत्याही सत्तेचा आधार मिळाला नाही, तरी तिथली मुलं आजवर ती घरातच शिकत आली.